थट्टेला तपशील लागतो

ऐंशी वर्षांच्या बाईबद्दल घरातल्यांनी लिहायचं ठरवलं की पहिली चार विशेषणं हात जोडून दारात उभीच असतात. प्रेमळ, कष्टाळू, सुगरण आणि सोशिक. त्यांच्या मागोमाग 'वटवृक्षाची सावली' येते, 'संस्कारांची शिदोरी' येते आणि दोन पानं भरून जातात. या मजकुराची परीक्षा सोपी आहे. आजीचं नाव खोडून शेजारच्या घरातल्या आजीचं नाव घालून पाहावं. एकही वाक्य बदलावं लागलं नाही, तर ते लिखाण कुणाबद्दलच नव्हतं असं खुशाल समजावं. साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन अशा निमित्तांनी निघणाऱ्या घरगुती स्मरणिकांपैकी पुष्कळशा या परीक्षेत नापास होतील. लिहिणाऱ्यांचं प्रेम कमी पडतं म्हणून हे होत नाही. स्तुतीला पुरावा लागत नाही, म्हणून होतं. 'आजी फार प्रेमळ आहे' हे वाक्य कुणी तपासायला जात नाही आणि लिहिणाऱ्यालाही त्यासाठी कुठलं कपाट उघडावं लागत नाही. थट्टेचं तसं नाही. 'आजी पैशाच्या बाबतीत आतल्या गाठीची आहे' असं लिहायचं तर कधी, कुठे, किती रुपये हे सांगावंच लागतं. नाही तर ती थट्टा होत नाही, नुसती कुचाळकी होते.

कऱ्हाडमधल्या एका घरातल्या पाच नातवंडांनी आपल्या आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी लिहिलेल्या या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिताना मला एवढंच म्हणायचं आहे की तिच्यातला खट्याळपणा हा वरून भुरभुरलेला मसाला नाही. नातवंडांना आजीला हसायचं होतं, म्हणून त्यांना कागद शोधावे लागले, तारखा जुळवाव्या लागल्या, काका-आत्यांची उलटतपासणी घ्यावी लागली, आणि त्या खटाटोपात त्यांना अशी एक बाई सापडली जी गौरवाच्या लेखात कधीच सापडली नसती. पुस्तिकेत आजींचा उल्लेख सरसकट एकेरी आहे, घरात आहे तसाच. मी परका असल्यामुळे 'आजींनी' असंच लिहिणार आहे. प्रत्येक प्रकरणाखाली आजींचे शेरे आहेत. कच्चा मजकूर त्यांना वाचून दाखवला आणि त्या जे बोलल्या ते तसंच खाली छापलं. पुस्तिकेतला सर्वांत धारदार मजकूर या शेऱ्यांमध्येच आहे, हे नातवंडांनी मनाला लावून घेऊ नये.

पहिलं प्रकरण आजींच्या वाढदिवसांवर आहे. वाढदिवसांवर, कारण ते एकाहून अधिक आहेत. शाळेच्या दाखल्यावर 1 जून 1945 ही तारीख आहे. त्या पिढीतल्या मराठी माणसांच्या कागदपत्रांत 1 जून इतक्या वेळा भेटतो की सगळा महाराष्ट्र त्याच दिवशी जन्मला असं वाटावं. कारण साधं आहे. शाळा जूनमध्ये उघडायच्या, पोराला नाव घालायला आणलेल्या बापाला तारीख सांगता यायची नाही, आणि मास्तर वयाचा अंदाज घेऊन वर्ष ठरवायचे व पुढे 1 जून लिहून मोकळे व्हायचे. आजींच्या आई मात्र सांगत की लढाई संपल्याची बातमी गावात आली, त्यानंतर आठ दिवसांनी नारळी पौर्णिमेला ही झाली. नातवंडांनी हे धागे जुळवले. जपानच्या शरणागतीची घोषणा 15 ऑगस्ट 1945 ची, आणि त्या वर्षीची श्रावणी पौर्णिमा 23 ऑगस्टची. आईची आठवण दिवसाच्या हिशेबात बरोबर निघाली आणि सरकारी दाखला पावणेतीन महिन्यांनी चुकलेला निघाला. म्हणजे ऐंशीवा वाढदिवस कागदाने 1 जून 2025 ला, तारखेने 23 ऑगस्टला आणि तिथीने 9 ऑगस्टला, कारण 2025 सालची श्रावणी पौर्णिमा त्या दिवशी येते.

घोळ इथेच संपत नाही, कारण सहस्रचंद्रदर्शन ऐंशीव्या वाढदिवशी होतं अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती हिशेबाला उतरत नाही. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त काळ जातो. अशा हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं, दहा महिने आणि वर आठवडाभर लागतो. आजींच्या खात्यावर 9 ऑगस्टला 989 पौर्णिमा जमा होतात. अकरा बाकी राहतात. हजारावी पुढच्या वर्षी वटपौर्णिमेला, म्हणजे 29 जून 2026 ला येते. जन्माच्या दिवशीची पौर्णिमाही मोजायची म्हटलं तर एक महिना आधी, 31 मे 2026 ला, अधिक ज्येष्ठात. नातवंडांनी सगळे मुहूर्त आजींपुढे ठेवले. त्यांचा शेरा असा आहे: "अधिकात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं, वटपौर्णिमेला सुना उपाशी, मग जेवायचं कुणी? नारळी पौर्णिमेला नारळीभात तसाही होतोच. त्याच दिवशी उरका." एका शेऱ्यात स्वयंपाकघर, पंचांग आणि खर्च यांचा मेळ घालणारी ही बुद्धी 'सुगरण' या शब्दात मावत नाही. तिला व्यवस्थापन म्हणतात, आणि त्यासाठी तिला कधी पगार मिळालेला नाही.

दुसरी गोष्ट भूकंपाची. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, माणसं गेली, आणि कऱ्हाडपर्यंत घरं हादरली. या घरात त्या पहाटेची एक ठरलेली गोष्ट आहे. सगळे अंगणात धावले, आजी सर्वांत शेवटी बाहेर आल्या आणि त्यांच्या हातात लोणच्याची बरणी होती. आत्यांचं म्हणणं वेगळं. बरणी नव्हतीच, काखेला त्या स्वतः होत्या, दीड वर्षाच्या. नातवंडांचे बाबा तर आजवर ही गोष्ट प्रथमपुरुषी सांगत आले, "आईने मला उचललं आणि..." अशी. आता बाबांचा जन्म 1969 चा. भूकंपाच्या वेळी त्यांना उचलणं आजींनाच काय, कुणालाही शक्य नव्हतं. घरातल्या गोष्टी अशाच फिरतात. धाकटं मूल थोरल्याची गोष्ट इतक्या वेळा ऐकतं की तिच्यात स्वतःच जाऊन बसतं, आणि त्यात लबाडी मुळीच नसते. सार्वजनिक घटनेची पक्की तारीख हाताशी असली की अशी घुसखोरी पकडता येते. घरगुती आठवणी तपासायला याहून स्वस्त साधन नाही. पूर, भूकंप, दुष्काळ, निवडणूक, गणपती दूध प्यायले तो दिवस, यांपैकी काहीही चालतं. त्या दिवशी घरात कोण जन्मलेलं होतं, कोण शिकायला परगावी होतं, एवढं विचारलं तरी निम्म्या दंतकथा गळून पडतात.

बरणी की बाळ, हा वाद मात्र तारखेने सुटत नाही. नातवंडांनी इथे एक शहाणपणा केला. दोन्ही पाठ शेजारी छापले आणि निकाल दिला नाही. खाली आजींचा शेरा आहे: "दोन हात असतात माणसाला." हे वाचून हसू येतं, आणि मग लक्षात येतं की आत्यांनी आणि बाकीच्या घराने आपापल्या सोयीचा एकेक हात तेवढा लक्षात ठेवला होता. पहाटेच्या अंधारात जमीन हलत असताना एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात वर्षाच्या बेगमीची बरणी घेऊन बाहेर पडणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीने पुढचा विचार किती केला होता, हे दोन पाठ एकत्र ठेवल्याशिवाय दिसत नाही.

पुस्तिकेचा गाभा तिसऱ्या प्रकरणात आहे आणि त्याचं नाव 'आजीची स्विस बँक' असं आहे. नाव वाह्यात आहे, मजकूर नाही. जुन्या ट्रंकेत नातवंडांना पोस्टाच्या बचत खात्याचं एक पासबुक सापडलं. नाव अनोळखी, आडनावही अनोळखी. ते आजींचं माहेरचं नाव निघालं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं नाव घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही, त्यामुळे पाचांपैकी चौघा नातवंडांना ते ठाऊकच नव्हतं. खातं वाईच्या पोस्टातलं, लग्नाआधीचं, आणि 1964 साली लग्न झाल्यावरही त्यावरचं नाव व सही बदललेली नाही. भरणा नेहमी लहान, दहा, पंधरा, क्वचित वीस रुपयांचा. थोरल्या नातीने सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवल्या तेव्हा तिला दिसलं की पैसे भरल्याच्या तारखा फक्त मे महिन्यातल्या आणि दिवाळीच्या आगेमागेच्या आहेत. म्हणजे आजी माहेरपणाला गेल्या की पोस्टात जाऊन येत. वीस वर्षं हा क्रम चालला. पैसे काढल्याची नोंद त्या वीस वर्षांत एकच, जुलै 1984 मधली, सातशे रुपयांची.

जुलैत माहेरपण नसतं. मग आजी वाईला गेल्या कशा? घरात विचारपूस झाली तेव्हा काकांना आठवलं की त्या पावसाळ्यात मामा आजारी असल्याचं कळलं म्हणून आई एसटीने सकाळी वाईला जाऊन संध्याकाळी परत आली होती. मामींना फोन केला. मामांना त्या वर्षी काहीही झालेलं नव्हतं. याच जुलैत आत्यांना पुण्याला वसतिगृहात ठेवलं होतं, आणि त्या फीबद्दल घरात चाळीस वर्षं सांगितली जाणारी गोष्ट अशी की आजोबांनी पतपेढीचं कर्ज काढून मुलीला शिकवलं. आजोबांची जमाखर्चाची वही शाबूत आहे. आजोबा काड्यापेटीचीही नोंद करणारे होते. तिच्यात 1984 सालचं कुठलंही कर्ज नाही, हप्ताही नाही. फी भरल्याची खर्चाची नोंद आहे आणि तिच्या आदल्या दिवशी जमेच्या बाजूला, आजोबांच्या वळणदार अक्षरात, 'किरकोळ जमा, रु. 700' असं लिहिलेलं आहे. सातशे रुपये त्या घरात किरकोळ नव्हते. त्या महिन्याच्या किराण्यापेक्षा ती रक्कम मोठी होती, हे त्याच पानावर दिसतं.

या प्रकरणाचा अर्थ नातवंडांनी फार ताणलेला नाही, ते बरं झालं. आजोबांना पैसे कुठून आले हे ठाऊक होतं, निदान विचारायचं नाही एवढं ठाऊक होतं, इतकं म्हणून ते थांबतात. पण मला इथे माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम आधार दिसतो. गौरवाचा लेख लिहिला असता तर 'आजोबांनी कर्ज काढून मुलीला शिकवलं, आजीने त्यांना खंबीर साथ दिली' हे वाक्य छापून गेलं असतं आणि ते धडधडीत खोटं ठरलं असतं. 'आजीने पैसे लपवले' ही थट्टा करायची होती म्हणून नातवंडांनी पासबुकाची पानं मोजली. स्तुतीने जे श्रेय आजोबांच्या नावावर ठेवलं असतं, ते चेष्टेने मूळ खातेदाराला परत केलं. आजींचा शेरा: "त्यांना माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं." घरातल्या दोन माणसांमधला चाळीस वर्षांचा संसार या दोन वाक्यांत आहे, आणि तिसरं वाक्य लिहिण्याचा मोह नातवंडांनी टाळला आहे.

याला पहिला आक्षेप घेतला जाईल तो वडीलधाऱ्यांच्या अदबीचा. ऐंशी वर्षांच्या बाईचे खोटे बोललेले प्रसंग छापायचे, हे शोभतं का? आक्षेप घेणारे बहुधा मधल्या पिढीतले असतात, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. लेकीसुनांनी, मुलांनी ही थट्टा केली असती तर तिला हिशेब चुकता केल्याचा वास आला असता. आजी-नातवंडांचं नातं वेगळ्या धाटणीचं आहे. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी 1940 साली थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. आईवडील आणि मुलं यांच्यात धाक व अंतर असतं, तर आजीआजोबा आणि नातवंडं यांच्यात अनेक समाजांमध्ये मोकळी चेष्टा चालते, असं निरीक्षण त्यांनी नोंदवलं आहे. त्याची कारणं आपल्याला निबंधाशिवायही कळण्यासारखी आहेत. आईबापांना शिस्त लावायची असते, आजीला ती लावून झालेली असते. शिवाय नातवंडांना आजीकडून न्याय, वाटणी किंवा माफी यांपैकी काही वसूल करायचं नसतं. मराठी घरांत आजीला 'अगं आजी' म्हणणारं मूल आजोबांना बहुधा 'अहो' म्हणतं, आणि यात कुणालाही आजीचा अपमान दिसत नाही. अदब राखूनही जवळ जाता येतं, पण आजीशी लपवाछपवी करणाऱ्या अदबीपेक्षा आजीची लपवाछपवी उघडी करणारी सलगी मला अधिक प्रामाणिक वाटते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो अर्धा मान्य करायला हवा. हसण्याने कष्ट झाकले जातात. 'आमच्या आजीला खरवडच आवडते' हे वाक्य कितीतरी घरांत कौतुकाने सांगितलं जातं, आणि भाताच्या पातेल्याच्या तळाशी जे उरे तेच शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला येई, ही वस्तुस्थिती त्या कौतुकाखाली दडपली जाते. या पुस्तिकेतही पाचव्या प्रकरणात खरवडीचा विनोद आहे, आणि माझ्या मते संपूर्ण पुस्तिकेतलं ते सर्वांत कच्चं पान आहे. कारण तिथे नातवंडांनी काहीच तपासलेलं नाही. कोण कधी जेवायचं, भात किती शिजायचा, पंगती किती उठायच्या, यातलं काही विचारलेलं नाही. तपशील नसला की थट्टाही स्तुतीइतकीच पोकळ होते, हे त्या पानावरून कळतं. सुदैवाने शेरा जागेवर आहे: "आवडायची. अजून आवडते. पण तेव्हा कुणी विचारलं नव्हतं." आजींनी आक्षेपकाचंही पूर्ण ऐकून घेतलेलं नाही आणि नातवंडांनाही सोडलेलं नाही.

तरीही हसणं आणि झाकणं एकच, असं मी म्हणणार नाही, कारण मराठीत याविरुद्धचा मोठा दाखला आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहायला घेतली ती मुलगा देवदत्त याला वडिलांचं चरित्र लिहिण्यासाठी साहित्य हवं होतं म्हणून. म्हणजे योजना गौरवाची होती. कवी नारायण वामन टिळकांच्या चरित्राला पूरक आठवणी पुरवायच्या होत्या. बाईंनी प्रत्यक्षात लिहिलं ते आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाने घर कसं वेठीला धरलं जाई त्याबद्दल, नवऱ्याच्या लहरीबद्दल, न सांगता निघून जाण्याबद्दल, हातात पैसा न टिकण्याबद्दल, आणि सगळं हसत हसत. त्या हसण्यात दुःख दडलं असं म्हणणारा वाचक विरळा. उलट सोवळ्याच्या गोष्टींवर आपण हसतो आणि त्याच वेळी त्या घरातल्या बायकांना रोज काय सोसावं लागलं असेल ते कळतं. टिळकांना त्यांच्या भक्तांनी लिहिलेल्या ओळींपेक्षा बायकोच्या या चेष्टेनेच जास्त जिवंत ठेवलं. पुढे या पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती संपादित केली ती अशोक देवदत्त टिळक यांनी, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या नातवाने. आजीचा खट्याळ मजकूर नातवाने हाताळण्याची परंपरा आपल्याकडे आहे. फक्त तिथे खट्याळपणा आजीचा होता आणि संपादन नातवाचं.

फरक लहान नाही, आणि त्यातून तिसरा आक्षेप निघतो. लक्ष्मीबाई स्वतः सांगत होत्या. इथे सांगणारी नातवंडं आहेत, आणि त्यांना बाई दिसणार ती आजी म्हणूनच. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती' या ललित निबंधात बाईची ओळख कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई अशी नात्यांनीच कशी करून दिली जाते, याकडे मिश्कीलपणे पाहिलं आहे. ऐंशीव्या वर्षी नातवंडांनी काढलेल्या पुस्तिकेत त्या यादीला आणखी एक नातं जोडलं जातं, एवढंच. याला पुस्तिकेकडे पूर्ण उत्तर नाही, पण अर्धं आहे, आणि ते पासबुकात आहे. त्या पासबुकावरची सही कुणाच्या आजीची नाही, कुणाच्या बायकोचीही नाही. वर्षातून दोनदा, पाच-दहा मिनिटांसाठी, एक बाई पोस्टाच्या खिडकीशी जुन्या नावाने उभी राहत होती. नातवंडांनी ती सही मुखपृष्ठावर घेतली आहे आणि आत कुठेही ते नाव फोडून सांगितलेलं नाही. सही वाचता येत नाही अशी तक्रार काही नातेवाइकांनी केली म्हणे. ती तक्रार मनावर घेऊ नये.

उरतो प्रश्न परवानगीचा. थट्टा ज्याची होते त्याला खोडण्याचा अधिकार नसेल तर सगळा युक्तिवाद कोसळतो, कारण मग तपशील हे पुराव्याऐवजी चुगली ठरतात. इथे आजींना तो अधिकार होता आणि त्यांनी तो वापरला. नऊ गोष्टींपैकी दोन त्यांनी कापल्या. नातवंडांनी त्या जागी कोरी पानं ठेवली आणि माथ्यावर फक्त 'आजीने कापली' असं छापलं. हाही आगाऊपणाच, पण प्रामाणिक आगाऊपणा. काय सांगितलेलं नाही हे वाचकाला निदान कळतं, आणि गुळगुळीत स्मरणिकांमध्ये नेमकं हेच कळत नाही. कापलेल्या गोष्टी लाजिरवाण्या असतील असं मानायचं कारण नाही. ज्यांच्याबद्दल त्या आहेत ती माणसं कदाचित हयात असतील, किंवा त्या गोष्टी निव्वळ आजींच्या असतील.

पुस्तिकेत एक उणीव राहिली आहे, ती मात्र आजींच्या कात्रीने नाही, नातवंडांच्या घाईने. साऱ्या चौकशा सासरच्या बाजूला झाल्या. माहेरच्या बाजूने मामींना एक फोन झाला, तोही मामांच्या तब्येतीपुरता. आजींची धाकटी बहीण वाईतच राहते, पंचाहत्तरीची आहे आणि तिला खडान्‌खडा आठवतं असं नातवंडंच एके ठिकाणी लिहितात. पासबुकातली पहिली नोंद पन्नास रुपयांची आहे, 1963 सालची, लग्नाच्या आदल्या वर्षीची. पुढच्या वीस वर्षांत एकदाही इतकी मोठी रक्कम भरली गेली नाही. अठरा वर्षांच्या मुलीकडे तेव्हा पन्नास रुपये आले कुठून, असं नातवंडांनी विचारल्यावर आजींनी "विसरले" असं सांगितलं, आणि नातवंडांनी ते तसंच छापलं. बाकीच्या प्रकरणांत जी बाई ऐंशी वर्षांतलं काहीही विसरलेली दिसत नाही, तिचं हे उत्तर मान्य करण्याआधी कुणीतरी वाईची एसटी पकडायला हवी होती.